धागा: 10W-30 आणि 20W-40 मधले आकडे नक्की काय सांगतात? (मेकॅनिक म्हणतो उन्हाळ्यात ४० च पाहिजे)

सोलापुरी_गडी
मंडळी नमस्कार, ११० सीसीची बाइक आहे, पाच वर्षं जुनी, ४१ हजार किमी झालेत. मॅन्युअलमध्ये 10W-30 लिहिलंय आणि आजपर्यंत तेच टाकत आलो. परवा सर्व्हिसिंगला गेलो तर नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, साहेब सोलापूरचा उन्हाळा ४२ वर जातोय आणि तुम्ही ३० चं ऑइल काय टाकता, ते ३० पर्यंतच टिकतं, 20W-40 टाका. मला पटल्यासारखं झालं आणि टाकून घेतलं. आता घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळतोय की ३० म्हणजे जर ३० डिग्री असेल तर इंजिन तर त्याहून कितीतरी जास्त गरम होतं, मग मॅन्युअल छापणाऱ्याला एवढं कळत नव्हतं का? आणि मग तो १० म्हणजे काय, १० डिग्रीपासून ३० डिग्रीपर्यंत असं आहे का? डब्यावर काहीच उलगडा नाही. कुणीतरी नीट सांगा. कंपनी कुठली चांगली हे नको, आकड्यांचं सांगा.

बाइकवेडा_पुणे
कंपनी कुठली पण घे, फुल सिंथेटिक घे, अ‍ॅव्हरेज ५ ने वाढेल.

सोलापुरी_गडी
दादा शेवटचं वाक्य वाचलं नाही का 😅

चक्रम_चालक
सोपंय. डब्ल्यू म्हणजे वेट. आधीचा आकडा ऑइल थंड असताना, नंतरचा गरम असताना. म्हणजे तुझं ऑइल थंडीत १० एवढं पातळ असतं म्हणून गाडी पटकन स्टार्ट होते आणि इंजिन तापलं की ते घट्ट होऊन ३० होतं म्हणून इंजिन घासत नाही. यालाच मल्टिग्रेड म्हणतात. 20W-40 तापल्यावर ४० होतं म्हणजे अजून घट्ट, त्यामुळे उन्हाळ्यात चांगलं. मेकॅनिक बरोबर बोलतोय.

वंगणकाका
चक्रमराव, अर्धं बरोबर आहे पण जे अर्धं चुकलंय तेच नेमकं सगळीकडे फिरत असतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी तळोज्याच्या बाजूला एका ऑइल ब्लेंडिंग प्लांटच्या लॅबमध्ये २२ वर्षं काढली, आता रिटायर आहे, वेळ भरपूर आहे.

पहिली गोष्ट, जगातलं कुठलंही इंजिन ऑइल तापल्यावर घट्ट होत नाही. पातळच होतं. काकवी थंडीत बरणीतून निघत नाही आणि गरम केली की पाण्यासारखी ओघळते, तसंच. फरक एवढाच की काही तेलं तापल्यावर फार पातळ होतात आणि काही त्या मानाने कमी. मल्टिग्रेडची करामत ती आहे, उलटं घट्ट होण्याची नाही.

दुसरं, डब्ल्यू म्हणजे विंटर, वेट नाही. आणि १० आणि ३० हे दोन्ही डिग्री नाहीत, वजन नाही, आणि मुख्य म्हणजे दोन्ही एका मोजपट्टीवरचे आकडेच नाहीत. सगळा घोळ इथे होतो. १० पेक्षा ३० मोठा म्हणून लोकांना वाटतं तेल १० वरून ३० वर चढलं. असं समजा की पोराच्या प्रगतीपुस्तकात गणितात १० आणि मराठीत ३० लिहिलंय. पेपर वेगळे, वेळ वेगळी, तपासनीस वेगळा. १० वरून ३० झाले असं कुणी म्हणेल का?

पहिला पेपर थंडीचा. तेल शून्य अंशाच्या खूप खाली नेतात आणि छोट्या यंत्रात एक रोटर त्या गार तेलात फिरवतात, स्टार्टर इंजिन फिरवतो तसा. 10W असेल तर उणे २५ अंशाला तेल ठरलेल्या हद्दीपेक्षा घट्ट नको. 20W ला हीच परीक्षा उणे १५ ला. आकडा जितका लहान तितक्या जास्त गारठ्यात ते इंजिन फिरू देतं. लक्षात ठेवायची सोपी युक्ती म्हणजे डब्ल्यूच्या आधीच्या आकड्यातून ३५ वजा करा. 5W चं उणे ३०, 10W चं उणे २५, 15W चं उणे २०, 20W चं उणे १५. ते अंश सेल्सियस.

दुसरा पेपर गरम. तिथे तेल बरोबर १०० अंशाला ठेवतात आणि बारीक नळीतून स्वतःच्या वजनाने ते किती वेळात खाली उतरतं ते मोजतात. ३० म्हणजे उत्तर ९.३ ते १२.५ च्या मध्ये, ४० म्हणजे १२.५ ते १६.३ च्या मध्ये. एकक सेंटीस्टोक. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्या घरातलं साधं पाणी साधारण १ असतं.

म्हणजे सोलापुरी_गडी, तुमच्या मेकॅनिकचं ३० पर्यंत टिकतं हे पूर्ण चूक. ३० चा शिक्का १०० अंशाला मोजूनच मारलेला आहे.

सोलापुरी_गडी
काका जबरदस्त. म्हणजे बाहेर ४२ असो की २२, दोन्ही आकड्यांचा त्याच्याशी थेट संबंधच नाही? आणि तो पहिला पेपर तर उणे २५ ला, सोलापुरात कुणाला काय त्याचं?

वंगणकाका
पहिल्या आकड्याबाबत खरंच फार नाही. सोलापुरात 10W आणि 20W दोन्ही थंडीचा पेपर झोपेत पास. महाबळेश्वरला डिसेंबरातही पास. पण इथे एक मजा आहे. ज्याला आपण थंड इंजिन म्हणतो ते बाहेरच्या थंडीवर नसतं, गाडी रात्रभर बंद होती म्हणजे ते थंड. मे महिन्यात दुपारी ४० अंशाला उभी असलेली गाडीसुद्धा तेलाच्या दृष्टीने थंडच.

दोन तेलांचे आमच्याकडे नेहमी यायचे तसे आकडे सांगतो. 10W-30 चं १०० अंशाला १०.७ आणि ४० अंशाला साधारण ७०. 20W-40 चं १०० अंशाला १४.५ आणि ४० अंशाला १२५ च्या आसपास. बघा, भर उन्हाळ्यातसुद्धा गाडी चालू केली त्या क्षणी 10W-30 हे तापल्यावर असतं त्याच्या साडेसहापट घट्ट आहे. म्हणजे थंड असताना पातळ आणि गरम झाल्यावर घट्ट हे किती उलटं आहे ते कळेल. आणि सकाळी पहिली किक मारता तेव्हा 20W-40 हे 10W-30 च्या पावणेदोनपट घट्ट असतं, ते वरच्या कॅमपर्यंत चढायला थोडा जास्त वेळ घेणार.

निशा_के
मी वाचतेय शांतपणे, एक शंका. माझ्या स्कूटरला 10W-30 आणि भावाच्या बाइकला पण 10W-30. नंबर सेम म्हणजे एकच मोठा डबा आणून दोघांनी वापरला तर चालेल ना? स्वस्त पडतं.

वंगणकाका
ताई, नंबर फक्त घट्टपणा सांगतो, तेलात अजून काय कालवलंय ते सांगत नाही. स्कूटरच्या डब्यावर एमबी असेल आणि बाइकच्या डब्यावर एमए किंवा एमए२. बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. एमबी तेल जास्त निसरडं, ते बाइकमध्ये टाकलं तर क्लच घसरू शकतो. उलट बाइकचं तेल स्कूटरमध्ये गेलं तर मोडतोड काही नाही, थोडं अ‍ॅव्हरेज जाईल. स्वस्तात करायचंच तर एमए घ्या.

निशा_के
भावाने ऑलरेडी माझं टाकलंय दोन महिन्यांपूर्वी 🙈 चढावर रेस वाढते पण गाडी पळत नाही म्हणत होता.

गॅरेजवाला_मिरज
काकांचं सगळं कबूल पण जरा आमच्या बाजूनं पण बघा. मी १८ वर्षं गाड्या खोलतोय. ४०-५० हजार फिरलेली एअर कूल्ड गाडी उन्हाळ्यात 10W-30 वर टकटक आवाज करते, 20W-40 टाकलं की बंद. गिऱ्हाईक खूष. पुस्तकातलं तेल नव्या इंजिनासाठी असतं. आणि कंपन्या पातळ तेल सांगतात ते अ‍ॅव्हरेजचा आकडा दाखवायला, हे पण खरं आहे की नाही?

वंगणकाका
अ‍ॅव्हरेजसाठी पातळ तेलाकडे सगळे वळलेत हे अगदी खरं. आता तर नव्या पेट्रोल कारना 0W-20 आणि 0W-16 सुद्धा येतं, आमच्या उमेदीत कुणी असं सांगितलं असतं तर हसलो असतो. पण ती इंजिनं त्या तेलासाठीच बांधलेली असतात, बेअरिंगची फट, पंप, सगळं.

तुमच्या बाजूनं एक मुद्दा मीच देतो. १०० अंशाच्या नळीपेक्षा बेअरिंगमधली परिस्थिती वाईट असते, तिथे तेल प्रचंड वेगाने पिळलं जातं. म्हणून १५० अंशाला पिळून बघायची आणखी एक परीक्षा असते. तिचं एकक वेगळं, सेंटीपॉइज, आणि त्यात 10W-30 ला किमान २.९ लागतात आणि 20W-40 ला किमान ३.७. म्हणजे खूप तापलेल्या इंजिनात 20W-40 चा थर जाड राहतो, यात वाद नाही. आणि एअर कूल्ड गाडीला थर्मोस्टॅट नसतो, बाहेर ४२ असेल तर तेलही हिवाळ्यापेक्षा जास्त तापतं. म्हणून तर काही मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो.

पण आवाज बंद झाला म्हणजे रोग बरा झाला असं नाही. टॅपेट सैल असेल तर जाड तेल त्याला गादीसारखं झाकतं. आधी टॅपेटची फट तपासली का?

गॅरेजवाला_मिरज
तपासतो की. सगळे तपासत नाहीत हे मान्य. पण फट बरोबर असूनही आवाज येणाऱ्या गाड्या मी बघितल्यात, लॅबमध्ये त्या येत नाहीत.

वंगणकाका
हे मात्र खरं, आमच्याकडे फक्त बाटल्या यायच्या.

डोंगरवेडा
थंडीच्या पेपराला कुणी हलक्यात घेऊ नका, आमची लागलेली त्यात. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही तिघं स्पितीला गेलो, शिमला किन्नौरच्या बाजूनं. माझी ३५० ची बुलेट, मॅन्युअलमध्ये 15W-50. निघायच्या आधी मुंबईत एका गॅरेजवाल्याने लांबचा प्रवास आहे, चढ आहेत, जाड टाकू म्हणून 20W-50 टाकलं. मला वाटलं शेवटचा आकडा तर सेम आहे, काय फरक पडतो. काझाला रात्री उणे २० च्या खाली गेलं. सकाळी किकवर उभा राहिलो तर किक खालीच जाईना, चिखलात पाय रुतल्यावर कसं होतं तसं, माझं ८५ किलो वजन हळूहळू खाली चाललंय. सेल्फ मारला तर घर्र करून गप्प. त्याहून गंमत म्हणजे गिअर टाकून क्लच दाबून ढकलली तरी मागचं चाक फिरेना, क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटलेल्या. मित्राची 10W-40 वाली दुसरी गाडी कुरकुर करत का होईना पण लागली. मग होमस्टेवाल्या आज्जींनी पत्र्याच्या ताटात निखारे आणून दिले आणि आम्ही ते इंजिनखाली ठेवून पाऊण तास बसलो.

वंगणकाका
तुमच्या गोष्टीत पहिल्या आकड्याची किंमत आहे सगळी. 20W मधून ३५ वजा करा, उणे १५. तुम्ही उणे २० च्या खाली होतात. 15W ची हद्द उणे २०, म्हणजे तेही काठावरच होतं, पण लागली असती बहुतेक. मित्राचं 10W, उणे २५, म्हणून लागली. बॅटरीही त्या गारठ्यात अर्धमेली होते, त्यामुळे सेल्फचा सगळा दोष तेलाला देऊ नका, पण किक जड गेली तो मात्र शंभर टक्के तेलाचा गुण.

आणि एक, बरं झालं लागली नाही. फिरवता येणं वेगळं आणि पंपाला तेल ओढता येणं वेगळं. त्याची अजून एक परीक्षा ५ अंश खाली घेतात, 20W साठी उणे २० ला. त्याच्या खाली इंजिन कसंबसं लागलंच तर पंपाच्या तोंडाशी तेलात पोकळी पडते, पंप हवा गिळतो आणि इंजिन कोरडं फिरतं. निखारे ठेवलेत ते नशीब. पण पेट्रोलच्या गाडीखाली निखारे हे परत करू नका राव.

एडमंटनकर
कॅनडातून हजेरी. इथे जानेवारीत उणे ३० म्हणजे साधी गोष्ट. गाडीच्या जाळीतून चक्क एक प्लग लोंबत असतो, रात्री ब्लॉक हीटर लावून झोपायचं. 5W-30 वर पहिली दोन वर्षं काढली, आता 0W-30 टाकतो. काकांचं ३५ वजा करायचं गणित आज पहिल्यांदा ऐकलं, इथे आठ वर्षं राहून कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी बाबा आलेले, त्यांनी प्लग बघून विचारलं गाडी इलेक्ट्रिक आहे का.

चक्रम_चालक
ओके काका, घट्ट होत नाही हे मान्य केलं, चूक झाली. पण मग मल्टिग्रेड म्हणजे केलं काय नक्की? नुसतं ४० नंबरचं ऑइल पण मिळतं ना, डब्ल्यू नसलेलं, आमच्या गावाकडे डिझेल पंपाला टाकतात. ते आणि 20W-40 वेगळं कसं?

वंगणकाका
चांगला प्रश्न. १०० अंशाच्या नळीत दोघं सारखेच, दोघं १२.५ ते १६.३ मध्ये. फरक इतकाच की नुसत्या ४० ने थंडीचा पेपर दिलेलाच नाही, म्हणून डब्ल्यू नाही. शेतावर दिवसा चालणाऱ्या पंपाला तो द्यायची गरज पण नाही.

20W-40 करताना आम्ही पातळ बेस ऑइल घ्यायचो, जे थंडीत फार घट्ट होत नाही, आणि त्यात एक पॉलिमर घालायचो. दिसायला रबराच्या चुऱ्यासारखं, गरम तेलात तासन्‌तास घुसळून विरघळवायचं. त्याचे लांब लांब धागे असतात. तेल गार असताना ते गुंडाळून बसतात आणि फारसे आडवे येत नाहीत, तापलं की उलगडून पसरतात आणि तेलाच्या वाहण्याला थोडी अडवणूक करतात. तेल पातळ होतंच, पण जेवढं झालं असतं तेवढं होत नाही.

आता यातली मेख. धागे तुटतात. कारमध्ये कमी, पण बाइकमध्ये तेच तेल गिअरबॉक्समधून जातं आणि गिअरचे दात त्याला कातरतात. त्यामुळे 20W-50 म्हणून भरलेलं तेल दोन-अडीच हजार किमीनंतर काढून नळीत घातलं तर १६.३ च्या खाली, म्हणजे ४० च्या घरात सापडलेलं मी स्वतः पाहिलंय. गिअर खडखडीत पडायला लागले, न्यूट्रल सापडेना झाला की बऱ्याचदा हेच झालेलं असतं. काढलेल्या तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र पातळ व्हायचं कारण वेगळं आहे.

सोलापुरी_गडी
मंडळी, काल रात्री प्रयोग केला. उरलेलं 10W-30 होतंच, शेजारच्या गॅरेजमधून अर्धी वाटी 20W-40 आणलं. औषधाच्या दोन सारख्या काचेच्या बाटल्या घेतल्या, दोन्हीत थोडी हवा राहील एवढं तेल भरलं आणि फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवल्या. आईला कळू नये म्हणून मटारच्या पिशवीखाली.

सकाळी दोन्ही एकदम उलट्या केल्या आणि बुडबुडा वर यायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजलं. 10W-30 चा बुडबुडा ११ सेकंदांत वर आला. 20W-40 चा बुडबुडा ३० सेकंद झाले तरी मध्येच लोंबत होता, शेवटी ३८ ला पोचला. मग त्याच बाटल्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात (जुनं, रंगाच्या कामाचं) वीस मिनिटं ठेवल्या, फडक्यात धरून उलट्या केल्या, तर दोन्ही बुडबुडे भुर्रकन वर. डोळ्यांना फरकच कळेना. काका तुम्ही म्हणालात १०.७ आणि १४.५, ते आता पटलं. सगळी भानगड गार असतानाच दिसते.

आईने बाटल्या बघितल्याच. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

वंगणकाका
शाब्बास. घरचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो, म्हणजे 20W च्या हद्दीच्या थोडा खाली आणि 10W च्या हद्दीच्या बराच वर, त्यामुळे तुमचा प्रयोग नेमक्या जागी पडला. फक्त यावरून ग्रेड ठरवू नका, बुडबुडा हळू चढतो आणि स्टार्टर जोरात पिळतो, गार तेल दोन्हीकडे वेगळं वागतं.

लॅबमध्येही शेवटी हेच होतं. काचेची यू आकाराची नळी, पाऱ्याच्या थर्मामीटरवर १००.० दिसेपर्यंत बाथ स्थिर करायचा, तेल वरच्या रेषेवर आलं की स्टॉपवॉच चालू, खालच्या रेषेवर बंद. नळीवर तिचा स्थिरांक लिहिलेला. ०.१ असेल आणि १०७ सेकंद लागले तर १०.७, झालं. नव्या पोराला पहिले सहा महिने आम्ही एवढंच करायला लावायचो आणि तो दोन सेकंद जरी चुकला तरी मी मागे उभा असायचो.

त्यावरून आठवलं. ३० चा पट्टा ९.३ ते १२.५ आहे ना, म्हणजे एका कंपनीचं ३० हे ९.५ असू शकतं आणि दुसऱ्या कंपनीचं ३० हे १२.३. आणि १२.६ वालं तेल ४० म्हणून विकलं जातं. म्हणजे १२.३ चं ३० आणि १२.६ चं ४० यांत जवळपास काही फरक नाही, पण दोन ३० मध्ये पाव-एक तृतीयांश फरक. डब्यावर हे कधीच दिसत नाही. कंपनीच्या साइटवर डेटा शीट असते, त्यात Kinematic Viscosity @ 100°C असं लिहिलेली ओळ बघायची.

गॅरेजवाला_मिरज
हे नवीन कळालं राव. म्हणजे आम्ही ३० बदलून ४० टाकतो तेव्हा कधी कधी काहीच बदलत नसेल?

वंगणकाका
कधी कधी, हो. आणि गिऱ्हाइकाला आवाज कमी झाल्यासारखा वाटतो ते नव्या तेलामुळे, कुठलंही नवं तेल टाकलं असतं तरी झाला असता.

गॅरेजवाला_मिरज
ते मात्र नाही पटत. पण पुढच्या चार गाड्यांना आधी नवं ३० च टाकून बघतो, मग बोलू.

शेतकरी_बार्शी
सोलापुरी_गडी भाऊ, आमच्या ट्रॅक्टरच्या ड्रमवर 15W-40 आहे, ते तुझ्या बाइकमध्ये टाक की, ४० पण झालं आणि १५ म्हणजे मधलं. आमचा पोरगा टाकतो त्याच्या गाडीत, काय होत नाही.

वंगणकाका
घट्टपणाने बसेल, पण परत तोच निशाताईंवाला प्रश्न. डिझेलच्या तेलावर एमए लिहिलेलं नसेल तर क्लचचं काय होईल ते नंबरावरून कळत नाही. काहींना काही होत नाही हे खरंय, ते कुठलं तेल त्यावर आहे.

सोलापुरी_गडी
तर मी काय करू? 20W-40 टाकून ३०० किमी झालेत. काढून टाकू का?

वंगणकाका
तेल फेकू नका, इंजिनला ते मारत नाहीये. सकाळी चालू केल्यावर लगेच रेस करू नका, अर्धा मिनिट जाऊ द्या. पुढच्या वेळी परत 10W-30 आणि अ‍ॅव्हरेज लिहून ठेवा, दोन्ही वेळचं, टाकी टू टाकी. मॅन्युअलमध्ये तापमानाचा तक्ता आहे का तेही बघा, असेल आणि त्यात 20W-40 दिलं असेल तर तुमचा मेकॅनिक चुकीच्या कारणाने बरोबर ठरतो.

सोलापुरी_गडी
बघितलं. पान ६२ वर तक्ता आहे पण पावसात भिजून आकडे गेलेत, फक्त एक आडवी पट्टी दिसते आणि तिच्या टोकाला ४० लिहिलंय. आता हे ४० म्हणजे ग्रेड का डिग्री 😐

वंगणकाका
फोटो टाका.

निशा_के
भावाने आज क्लच प्लेटचं कोटेशन आणलं. मी धागा त्याला दाखवणार नाहीये.